चार ओळींनी फिरवायचा भुट्टा

कुकरच्या तीन शिट्ट्या देऊन उकडलेले मक्याचे दाणे वाटीत काढायचे, त्यावर चमचाभर लोणी टाकायचं आणि म्हाताऱ्या माणसापुढे ठेवून म्हणायचं, "घ्या बाबा, तुमचा भुट्टा." हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटी, चमचा आणि भुट्टा हे तीन शब्द एका वाक्यात येऊच कसे शकतात? बाबांनी दोन चमचे खाल्ले, वाटी बाजूला सरकवली आणि म्हणाले, "ठेव, मंग खातो." मग काही त्यांनी खाल्लं नाही.

माझे बाबा चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाला होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, आई त्याआधीच गेली होती, म्हणून ते वरठीला माझ्या धाकट्या भावाकडे राहायला आले. भाऊ तिथल्याच कारखान्यात आहे. मी भंडाऱ्याला राहते, शाळेत शिकवते आणि रविवारी स्कूटरने वरठीला जाते. बाबांना दमा आहे. डॉक्टरांनी सांगितलं, धुरापासून लांब ठेवा. एवढंच. पण माझ्या भावाच्या कानात शिरेपर्यंत त्या एका वाक्याची दहा वाक्यं झाली. सिगडी नको, कोळसा नको, गॅसजवळ उभं राहणं नको, चहासुद्धा बाबांनी करायचा नाही. बाबांची सिगडी, चिखल्याहून सामानाच्या गाडीत मांडीवर धरून आणलेली, भावाने भंगारवाल्याला देऊन टाकली. मला विचारलं नाही. बाबांना तर नाहीच नाही.

"तुले विचारून काय झालं असतं, ताई?" भाऊ म्हणाला. "तू रविवारी येते. रात्री खोकला उठला का मलेच दवाखान्यात धावा लागते."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे मला जास्तच राग आला.

सिगडी म्हणजे काय होती ते सांगते, नाहीतर एवढ्याशा पत्र्याच्या डब्यासाठी ही बाई काय भांडते असं वाटेल. पहिली पाळी करून बाबा दुपारी घरी यायचे. आंघोळ, जेवण, थोडी झोप. पावसाळ्यात चारच्या सुमारास ते क्वार्टरच्या मागच्या पडवीत सिगडी पेटवायचे. त्यांना त्या वेळी कोणी हाक मारलेली चालत नसे. आधी लाकडी कोळसा नीट फुलू द्यायचे. जाळ दिसतोय तोवर भुट्टा जवळसुद्धा आणू द्यायचे नाहीत. "इस्तो लाल पायजे, पिवळा नाई," म्हणायचे. विस्तवाला ते इस्तो म्हणत. पिवळ्या जाळावर भुट्टा धरला की वरून काजळी बसते आणि आत दाणा कच्चाच राहतो, आणि खाणाऱ्याला वाटतं, वा, काय खमंग भाजलाय! बाबांना अशा भुट्ट्याचा आणि तो खाऊन वा म्हणणाऱ्याचा सारखाच तिटकारा होता.

भुट्टा निवडताना ते पानं थोडी बाजूला करून एका दाण्यात अंगठ्याचं नख रोवायचे. पाणी निघालं तर कोवळा. दुधासारखं निघालं तर बरोबर. पिठूळ निघालं तर जून, तो भाजायचा नाही. मग पानं मागे ओढून त्यांचीच मूठ करायची, मिशा काढायच्या आणि निखाऱ्यावर धरायचा. आणि फिरवायचा तो मोजून. मक्याच्या कणसावर दाण्यांच्या ओळी नेहमी सम असतात, बारा, चौदा, सोळा. हे मला पुस्तकाने नाही, बाबांनी शिकवलं. सोळा ओळींचा भुट्टा असला की ते चार ओळी निखाऱ्याकडे करायचे, दाण्यांवर काळे ठिपके उमटून एखादा दाणा तडकला की पुढच्या चार. चार वेळा फिरवलं की भुट्टा झाला. उगाच गरागरा फिरवणाऱ्याला ते म्हणायचे, "ते काय चरखा आहे का?" सतत फिरवलं तर कुठलीच ओळ निखाऱ्यापुढे पुरेशी थांबत नाही, दाणे नुसते सुकत जातात आणि डाग काही पडत नाही. भाजलेला दाणा बाहेरून काळा आणि आतून ओला पाहिजे. इतकं साधं आहे. आणि इतकं साधं असूनही लोकांना येत नाही.

आजूबाजूच्या चार क्वार्टरांतली माणसं पडवीत जमायची. बाबा एकेक भुट्टा भाजायचे, लिंबाच्या फोडीने तिखट-मीठ चोळायचे आणि समोरच्याच्या हातात द्यायचे. माणूस पहिला घास घेईपर्यंत त्याच्या तोंडाकडे पाहत राहायचे. दिवसभर जमिनीखाली काम करणारा हा अबोल माणूस तेवढा तासभर बोलायचा.

तो माणूस आता वाटीत दाणे खाणार? मी ठरवलं, या पावसाळ्यात बाबांना भाजलेला भुट्टा मिळालाच पाहिजे. मका संपायच्या आत.

पहिला प्रयत्न मी भावाच्याच गॅसवर केला. जाळी ठेवली, आच मध्यम केली, भुट्टा ठेवला. दोनच मिनिटांत भावजय धावत आली. काचेची नवी शेगडी! दाण्यांचा रस गळून बर्नरभोवती चिकट डाग पडला होता, आणि एक दाणा फुटून थेट तिच्या डब्यांवर जाऊन बसला होता.

"ताई, अवो हे काय करून राहिले? आत्ताच पुसलं ना मी."

"पुसून देते मी."

"पुसाचं नाई हो, पन बाबाले धूर लागल ना!"

धूर म्हणे! उदबत्तीएवढासुद्धा धूर नव्हता. पण खोकायची वेळ बाबांनी नेमकी तीच निवडली, आणि भावाने बाहेरून येऊन गॅसचं बटण बंद केलं. काही न बोलता. भांडला असता तर परवडलं असतं. बाबा खोलीतून म्हणाले, "राहू दे माय, कायले भांडता." मी अर्धा कच्चा भुट्टा पिशवीत टाकून भंडाऱ्याला परत आले. वाटेत स्वतःशीच बोलत होते, सिग्नलला शेजारचा मोटरसायकलवाला माझ्याकडे बघायला लागला.

घरी आल्यावर मला माझा ओव्हन आठवला. दोन वर्षांपूर्वी मी तो केकसाठी घेतला होता. केक एकदाच केला, तो बसला, आणि तेव्हापासून ओव्हनवर पापडांचा डबा ठेवलेला असे. त्याला आत वर आणि खाली अशा तारा आहेत, वरच्या लाल होतात. लाल! पिवळ्या नाही. जाळ नाही, कोळसा नाही. मी म्हटलं, हा तर बाबांचाच इस्तो आहे, नुसता उलटा टांगलेला.

पुस्तिका काढून वाचली. त्यात ब्रेड होता, पनीर होतं, कुठल्या तरी परदेशी माशाला चार पानं दिली होती. भुट्ट्यावर एक ओळ नाही. ज्या देशात पाऊस पडला की चौकाचौकात भुट्टा भाजतात, तिथे ओव्हन विकायचा आणि भुट्ट्याचं नाव घ्यायचं नाही! मी ती पुस्तिका ड्रॉवरमध्ये अशी आदळली की त्याचं हँडलच निघालं.

मग मी स्वतःच शिकले. चुकत शिकले, आणि प्रत्येक चुकीला चिडत शिकले. पहिल्यांदा केकसारखं केलं. मधल्या खाचेत जाळी, वरच्या-खालच्या दोन्ही तारा सुरू, एकशे ऐंशी, अर्धा तास. भुट्टा निघाला तो सुरकुतलेला, पिवळट आणि चावता न येणारा. काळा ठिपका औषधालासुद्धा नव्हता. दुसऱ्यांदा फक्त वरची तार ठेवली, बटण शेवटापर्यंत फिरवलं, दहा मिनिटं आधीच तापू दिलं आणि जाळी सगळ्यात वरच्या खाचेत सरकवली, तारेपासून दोन बोटांवर. पहिल्या चार ओळी झकास डागल्या. मी फिरवलं, आणि तार काळी पडली! मला वाटलं वीज गेली. वीज नव्हती गेली. आतली हवा ठरलेल्या मापापर्यंत तापली की ते यंत्र आपणहून तार विझवतं. भुट्टा तसाच आत, ना भाजतोय ना थंड होतोय, नुसता वाळतोय. यंत्राला अक्कल नसते हे मला माहीत होतं, पण इतकी नसते हे माहीत नव्हतं.

उपाय सापडला तो वैतागातूनच. मी रागाने दार उघडलं, तर हवा निवाली आणि तार पुन्हा लाल झाली. तेव्हापासून दारात लाकडी उलथन्याचा दांडा अडकवायचा, बोटभर फट ठेवायची. तार लाल राहते, वाफही बाहेर जाते. फक्त बटणं तापतात, ती फडक्याने धरायची आणि समोरून हलायचं नाही. तरी वरचा दाणा डागेपर्यंत आतला कोरडा होत होता. मग त्यावरही तोड निघाली. भुट्ट्याची आतली कोवळी पानं तशीच ठेवायची, पाण्यात दहा मिनिटं बुडवायची, आणि आधी दार बंद करून दोन्ही तारांवर दहा मिनिटं आपल्याच वाफेत शिजू द्यायचा. मग पानं सोलायची, तेलाचं बोट फिरवायचं, आणि वरच्या लाल तारेखाली चार ओळी, तीन मिनिटं. पुढच्या चार ओळी, तीन मिनिटं. बारा मिनिटांत भुट्टा. बाहेरून काळा, आतून ओला. पहिला तसा भुट्टा निघाला तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून तो खाल्ला, आणि भावाला काय काय ऐकवायचं याची मनात उजळणी केली.

तोवर मका संपत आला होता. सिहोऱ्याहून येणाऱ्या माझ्या एका सहकारी बाईंनी त्यांच्या वाडीतले शेवटचे भुट्टे शनिवारी संध्याकाळी तोडून दिले. जितका ताजा तितका गोड, ठेवला की गोडी जाते, म्हणून मी रविवारी दुपारीच निघाले. ओव्हन स्कूटरवर पायाशी ठेवला, दोरीने बांधला, वर भुट्ट्यांची पिशवी. भंडाऱ्यापासून वरठीपर्यंत मी गुडघे फाकून गाडी चालवली. रेल्वे फाटकाजवळ दोन माणसं हसली. हसू देत.

"ताई, हे काय आनलं?" भावजयीने दारातच विचारलं.

"बाबांचा भुट्टा," मी म्हटलं.

भावाने प्लगवरून कुरकुर केली, हा साध्या बोर्डाला चालत नाही म्हणाला. बरोबर होतं त्याचं. शेवटी फ्रिजमागच्या जाड पिनेच्या बोर्डाला लावला. फ्रिज सरकवताना तो म्हणाला, "बाजारात भाजलेला भेटते ना, वीस पावलांवर बाई बसते." मी म्हटलं, "मग आणला काहून नाही कधी?" तो परत फ्रिज ढकलायला लागला. मला अगदी बरं वाटलं.

बाबांना मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसवलं. ते ओव्हनकडे, काचेतून दिसणाऱ्या लाल तारेकडे बघत होते. "धूर नाई ना याचा?" त्यांनी विचारलं. "नाही बाबा, अगदी थोडा, आणि खिडकी उघडी आहे." ते पुढे झुकले. पानं सोलताना मी त्यांना ओळी मोजून दाखवल्या, चौदा होत्या. "चौदा असल तर चार, तीन, चार, तीन," बाबा म्हणाले आणि सांडशीकडे हात केला. "बसा तुम्ही," मी म्हटलं, "चटका बसेल." ते बसले.

पहिला भुट्टा झाला, तो भावाला दिला. दुसरा भावजयीला. दुसरा फिरवताना बाबा खुर्चीतून अर्धवट उठले. "आता फिरव, आता." मी म्हटलं, "बाबा, माझं घड्याळ लावलेलं आहे, तीन मिनिटं. तुम्ही आरामात बसा." तिसरा मी स्वतःला काढून ठेवला आणि चौथा, सगळ्यात भरलेला, बाबांसाठी केला. एकही ओळ पांढरी राहू दिली नाही. लिंबू चोळलं, तिखट कमी, मीठ बेताचं. सोललेल्या पानांत बुडखा गुंडाळून त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

बाबांनी भुट्टा फिरवून पाहिला. वास घेतला. "चांगला भाजला," ते म्हणाले. आणि ताटलीत ठेवून दिला.

मी वाट पाहिली. भाऊ दाणे खात होता, त्याचा आवाज येत होता. बाबा काही खाईनात.

"काहून खात नाही?" मी विचारलं. "कवळीला टोचतो का? सोलून देऊ का दाणे?"

"नाई, नाई. खातो ना मंग."

ते 'मंग' ऐकलं आणि माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते आता लिहायलाही लाज वाटते. पंधरा दिवस जीव जाळला म्हणाले. सगळ्यांशी वाईटपणा घेतला म्हणाले. पायाशी ओव्हन बांधून आले, रस्त्यात लोक हसले, आणि तुम्हाला एक घास खाववत नाही? तुमचं मन तरी काय आहे ते एकदा सांगा. भावजय भुट्टा हातात धरून थिजली होती. भाऊ म्हणाला, "ताई, बस झालं."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. एखाद्या लहान मुलीला समजावं म्हणून हळू बोलतात तसं म्हणाले, "माय, मी कधी भुट्टा खाताना तुले दिसलो का?"

 चिखल्याची पडवी, पाऊस, चार क्वार्टरांची माणसं, आई, भाऊ, मी. सगळ्यांच्या हातात भुट्टे. बाबांच्या हातातला निखाऱ्यावर. मी आठवून आठवून पाहिलं. त्यांच्या तोंडाशी मला कणीस दिसेना.

"मले खाचं नव्हतं," बाबा म्हणाले. "मले भाजाचं होतं."

 ओव्हनची तार अजून लाल होती. बाबा खुर्चीचा हात धरून उठले, ओट्यापाशी आले आणि त्यांनी माझी पिशवी उचलून आत पाहिलं. पिशवीत नुसती पानं आणि मिशा होत्या. माणसं चार, म्हणून मी भुट्टे चारच आणले होते. हिशेबी बाई ना मी! बाबांनी पिशवी परत ठेवली. "राहू दे," म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यात."

पुढच्या पावसाळ्यात! भावावर महिनाभर काढलेला सगळा राग त्या दोन शब्दांनी माझ्यावर उलटला. त्याने सिगडी भंगारात दिली म्हणून मी त्याला कोर्टात उभं केल्यासारखं केलं. मी तर सांडशीच हातात येऊ दिली नव्हती. तीही दोनदा, त्याच्यासारखीच काळजी दाखवून, एकदा चटका बसेल म्हणून, एकदा घड्याळ लावलंय म्हणून.

मी चप्पल घातली आणि निघाले. वीस पावलांवरच्या बाईपाशी गेले. ती स्टेशनच्या रस्त्यावर हातगाडीवर भाजत बसली होती.

"दोन कच्चे द्या."

"कच्चे नाई देत. भाजून देतो."

"मला कच्चेच पाहिजेत."

"अवो बाई, शेवटचा माल हाये. घरी नेऊन जाळता तुमी लोकं आन मंग म्हन्ता, हिचा भुट्टाच खराब."

"माझे बाबा भाजणार आहेत," मी म्हटलं. माझा आवाज कसा निघाला कोण जाणे, ती माझ्याकडे बघायला लागली. "तुमच्यापेक्षा चांगले भाजतात ते."

तिला याचा राग यायला हवा होता. मला आला असता. ती हसली, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून तीन काढून दिले.

परत आले तेव्हा भाऊ ओव्हनसमोर उभा होता. तार विझू नये म्हणून त्याने उलथन्याचा दांडा दारात नीट बसवला होता, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्याने नुसतं पाहिलं होतं. मी भुट्टे ओट्यावर ठेवले आणि सवयीने पानं सोलायला हात घातला. पाण्यात बुडवायचे, दहा मिनिटं वाफ, तेलाचं बोट, सगळं सांगायला मी तोंड उघडलं.

"सरक," बाबा म्हणाले.

मी सरकले.